गोष्ट नको, टेप ऐकवा

शिकाऊ थेरपिस्टच्या सुपरव्हिजनचा तास कशात जातो, हे कधी घड्याळ लावून बघावं. बहुतेक वेळ क्लायंटची गोष्ट सांगण्यात जातो. सासू काय म्हणाली, नवरा कसा गप्प बसला, मग माहेरच्यांनी काय केलं. गोष्ट रंगते, सुपरव्हायजरही मन लावून ऐकतात, शेवटी दोन-तीन सल्ले देतात. विद्यार्थिनी ते वहीत लिहून घेते आणि तास संपतो. तासाभराच्या या बोलण्यात एका माणसाबद्दल चकार शब्द निघालेला नसतो, ती म्हणजे स्वतः थेरपिस्ट. तिने काय विचारलं, कुठे घाई केली, कुठे विषय बदलला, हे गुलदस्त्यातच राहतं. खरं तर सुपरव्हिजन असते ती तेवढ्याचसाठी.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. थेरपी शिकणारा विद्यार्थी पुस्तकं आणि वर्ग यांच्या पलीकडे जाऊन खऱ्या क्लायंटसमोर बसायला लागतो, तेव्हा त्याला एकट्याला सोडत नाहीत. एका अनुभवी थेरपिस्टला तो ठरावीक दिवशी, साधारणपणे आठवड्यातून एकदा भेटतो आणि आपलं काम त्यांच्यापुढे ठेवतो. याला सुपरव्हिजन म्हणतात. क्लायंटच्या सुरक्षिततेची जबाबदारी तेव्हा एकट्या विद्यार्थ्यावर नसते, सुपरव्हायजरवरही असते. ब्रिटनमध्ये तर शिक्षण संपल्यावरही ही सवय सुटत नाही. तिथल्या समुपदेशकांच्या मोठ्या संघटनेचे मान्यताप्राप्त सदस्य वीस वर्षांचे अनुभवी असले, तरी महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घेतात.

मुख्य अडचण अशी की थेरपी बंद दाराआड चालते. आत काय झालं हे सुपरव्हायजरला विद्यार्थ्याच्या तोंडूनच कळतं, आणि माणसाची आठवण आपल्या सोयीने चालते. मुद्दाम खोटं कोणी बोलत नाही. पण जिथे आपण अडखळलो तेवढंच नेमकं आठवत नाही, किंवा आठवतं तेव्हा ते थोडं घासूनपुसून आलेलं असतं. अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या सुमारास यावर साधा उपाय काढला. त्यांनी सेशन ग्रामोफोनच्या तबकड्यांवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली. एक बाजू तीनेक मिनिटांत भरायची, म्हणून सारख्या तबकड्या बदलाव्या लागत. १९४२ च्या पुस्तकात त्यांनी एका क्लायंटची आठ सेशन्स अक्षरशः जशीच्या तशी छापली. थेरपीच्या खोलीत नक्की काय बोललं जातं, हे बाहेरच्यांना इतकं सविस्तर तोवर कोणी दाखवलं नव्हतं.

आपल्या शेजारी गोव्यातलं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी सहा ते आठ सेशन्सचा उपचार तयार केला. तो देणारे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. साधी, थोडं प्रशिक्षण मिळालेली माणसं होती. त्यांचं काम कसं पारखायचं? त्यांनी सेशन्स रेकॉर्ड केली आणि समुपदेशकांनी गटात बसून एकमेकांच्या टेप ऐकल्या. आधी प्रत्येकाने ठरलेल्या मोजपट्टीवर आपापले गुण द्यायचे आणि मगच चर्चा करायची. हा क्रम फार शहाणपणाचा आहे, कारण एकदा मोठ्या माणसाने मत दिलं की बाकीच्यांची मतं तिकडेच झुकतात. त्या उपचाराची चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलेलं होतं, नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. हे सगळं श्रेय टेपला देता येणार नाही. पण टेप ऐकून काम सुधारण्याची पद्धत गोव्यातल्या आरोग्य केंद्रात, नव्या माणसांच्या हातीही नीट चालते, एवढं त्यातून दिसलं.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका उदाहरणातून पाहू. हे कोणा एका क्लायंटचं नाही, अशा कामात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून मी ते रचलं आहे. विद्यार्थिनीला आपण मृणाल म्हणू. तिचे क्लायंट चोपन्न वर्षांचे, कंपनीतून व्हीआरएस घेतलेले. घरी बसल्यापासून झोप उडालेली, जेवणावर वासना नाही, कशात लक्ष नाही. बायकोने आग्रह करून आणलं. मृणाल त्यांच्यासोबत दिवसाचा क्रम पुन्हा बसवण्याचं काम करते आहे. सकाळचं फिरणं, बाजार, जुन्या मित्राला फोन, अशा छोट्या गोष्टी ठरवायच्या आणि त्या केल्यावर मन कसं होतं ते वहीत लिहायचं. पाच सेशन्स झाली आहेत. वही कोरीच येते.

सुपरव्हिजनसाठी मृणालने आणलेला प्रश्न असा होता: क्लायंट गृहपाठ करत नाहीत, त्यांना तयार कसं करू?

प्रश्न रास्त आहे, आणि त्यावर तासभर बोलताही आलं असतं. गृहपाठ छोटा कर, बायकोला सामील कर, वही सोडून मोबाइलवर नोंद करायला सांग. पण तिच्या सुपरव्हायजर मॅडमचा एक नियम आहे. प्रश्नासोबत कागदाचं एक पान आणि टेपची पाच मिनिटं आणायची. पानावर क्लायंटची चार ओळींत ओळख, आतापर्यंतची सेशन्स, प्रत्येक वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीचे आकडे आणि त्या आठवड्यात स्वतःला काय वाटलं त्याची एक ओळ. टेपचा तुकडा निवडण्याचीही रीत ठरलेली. सेशन चांगलं चाललं तिथला तुकडा आणायचा नाही. ऐकताना जिथे तुझा हात पुढे ढकलायच्या बटणाकडे जातो, तिथला आण.

मृणालने आणलेला तुकडा पाचव्या सेशनच्या एकतिसाव्या मिनिटाचा होता. वही कोरी का, असं तिने विचारलं होतं. टेपवर आधी पंखा ऐकू येतो. मग ते म्हणतात, “काय लिहायचं त्यात. घरच्यांना माझा भारच झालाय आता.” लगेच, अर्ध्या सेकंदात, मृणालचा आवाज येतो. “असं नका ना म्हणू काका, तुमच्या मुलीचा किती जीव आहे तुमच्यावर! बरं, आपण असं करू, फक्त सकाळचं फिरणं ठेवू या.” ते म्हणतात, “हो, चालेल.” त्यानंतरची चार मिनिटं किती वाजता फिरायचं आणि कोणत्या बागेत, यात गेली.

मॅडमनी टेप थांबवली आणि पान पुढे ओढलं. प्रश्नावली पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य मोजणारे नऊ प्रश्न. मृणालने एकूण गुण लिहिले होते, पहिल्या सेशनला अठरा आणि पाचव्याला पंधरा. म्हणजे सुधारणा, म्हणून तिने बाजूला बरोबरची खूणही केली होती. मॅडमनी मूळ कागद मागितला. झोप आणि भूक यांचे गुण कमी झाले होते. नववा प्रश्न मात्र आधी शून्य होता, तो आता एक झाला होता. जगण्यापेक्षा मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हा तो नववा प्रश्न.

म्हणून फक्त बेरीज आणून चालत नाही. एकूण आकडा खाली येत असताना त्याच्या पोटात एक आकडा वर जाऊ शकतो, आणि तो नेमका धोक्याचा असू शकतो. ‘मी घरच्यांना भार झालोय’ हे वाक्यही आत्महत्येच्या धोक्याचा अंदाज घेताना थेरपिस्टने कान टवकारून ऐकायचं असतं.

इथे तासाचा क्रम बदलला. गृहपाठाचा प्रश्न मागे पडला. मॅडमनी फीडबॅक द्यायच्या आधी ठरवलं की पुढच्या सेशनची वाट बघायची नाही, त्यांना आजच फोन करायचा आणि उद्या बोलवायचं. असे प्रसंग तर खरं म्हणजे सुपरव्हिजनच्या दिवसापर्यंतही थांबू नयेत. जिवाला धोका, घरातली मारहाण, लहान मुलावरचा अत्याचार, यांतलं काही कानावर पडलं की त्याच दिवशी सुपरव्हायजरला फोन गेला पाहिजे. मुलांच्या बाबतीत तर ‘पॉक्सो’ कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘गुरुवारी सुपरव्हिजनमध्ये बोलते’ हे तिथे चालत नाही.

मग फीडबॅक आला. मॅडम म्हणाल्या, “तू त्यांना धीर दिलास, त्यात वाईट काही नाही. पण कधी दिलास ते ऐक. त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. ‘असं नका म्हणू’ म्हटल्यावर माणूस काय करतो? म्हणत नाही. त्यांनी तुझं ऐकलं, आणि पुढे त्याबद्दल बोलले नाहीत.” थोडं थांबून त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. “तू त्यांना काका म्हणतेस. त्याने घरोबा होतो, पहिल्या सेशनला उपयोगही झाला असेल. पण काकांना मरणाबद्दल कोणती पुतणी विचारेल?”

अशा वेळी फीडबॅकचं भलंबुरं विद्यार्थिनी पुढे काय करते त्यावर ठरतं. बहुतेक जण मान डोलावतात, “हो मॅडम, पुढच्या वेळी लक्ष ठेवीन” म्हणतात आणि घरी जाऊन रात्रभर स्वतःला कोसतात. मृणालने तीन गोष्टी केल्या. मॅडमचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. आपल्या भाषेत ‘माझी सहानुभूती कमी पडते’ असं काही लिहिलं नाही, कारण तसं लिहिलं की त्याचं पुढे काहीच करता येत नाही. मग तिने विचारलं, “मॅडम, त्या जागी नेमकं काय म्हणायला हवं होतं?” आणि तिसरं म्हणजे ते वाक्य तिने तिथेच म्हणून पाहिलं.

ते सोपं गेलं नाही. मॅडम क्लायंट झाल्या आणि तेच वाक्य म्हणाल्या. पहिल्या खेपेला मृणाल म्हणाली, “म्हणजे तुम्हाला तसे काही विचार वगैरे येतात का?” मॅडम म्हणाल्या, “कसे विचार?” दुसऱ्या खेपेला ती शब्दापाशी येऊन हसली. पुढच्या खेपेला कसंबसं जमलं: “भार झालोय असं वाटतं म्हणालात. कधी कधी इतकं वाटतं का, की आयुष्य संपवावं असा विचार मनात येतो?” विचारून गप्प बसायचं, हेही मॅडमनी करून घेतलं. असं सरळ विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती सर्वत्र आहे. अभ्यासांत तिला आधार सापडलेला नाही. उलट आडून विचारलं की क्लायंटला कळतं, या बाईंना उत्तर नको आहे.

दुसऱ्या दिवशी मृणालने विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “येतो. पहाटे जाग येते तेव्हा.” कसं करायचं असं काही ठरवलं होतं का, तर नाही. आधी कधी प्रयत्न, नाही. त्यांनी दोघांनी मिळून कागदावर लिहिलं: पहाटे तो विचार आला की आधी काय करायचं, कोणाला उठवायचं, कोणत्या नंबरवर फोन करायचा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर त्यावर होता, तो दिवसरात्र चालू असतो. त्यांच्या संमतीने बायकोला सांगितलं, घरातली औषधं तिच्या ताब्यात गेली आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली. वही कोरी का येत होती, त्याचंही उत्तर ओघात मिळालं. ज्या माणसाला पहाटे जगावं की नाही हा प्रश्न पडतो, त्याला सात वाजता बागेत किती बरं वाटलं ते लिहिणं फोल वाटत होतं.

पुढच्या सुपरव्हिजनला मृणालने याच सेशनची टेप नेली. फीडबॅक घेण्यातला हा भाग सगळ्यात जास्त गाळला जातो. सल्ला मिळाला, तो वापरला की नाही हे परत कोणी विचारत नाही आणि सांगतही नाही. मॅडमनी त्या टेपमधली शांतता मोजली. क्लायंटच्या वाक्यानंतर या वेळी मृणाल सात सेकंद थांबली होती. एका आठवड्यात एकच गोष्ट बदलायची, ती अशी असावी की टेपवर ऐकू येईल, आणि तीच परत दाखवायची. दहा सूचना लिहून नेणाऱ्याला पुढच्या सेशनला क्लायंटकडे बघायलाच सवड राहत नाही.

मॅडमचं सगळंच मृणालला पटलं होतं असं नाही. काका म्हणणं एकदम सोडलं तर ते दुखावतील, असं तिला वाटत होतं आणि तिने ते बोलून दाखवलं. मॅडमनी मान्य केलं. काका राहू दे, फक्त तो प्रश्न विचारताना काका नको, असं ठरलं. आपल्याकडे हे सहज होत नाही. शिक्षकांना उलट बोलायचं नाही, हे अंगात मुरलेलं असतं, आणि सुपरव्हायजर पुष्कळदा गुणही देणारे, सही करणारे असतात. अमेरिकेत निकोलस लडानी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये शिकाऊ थेरपिस्टना विचारलं होतं की सुपरव्हायजरपासून तुम्ही काही लपवता का. ९७ टक्के लोक हो म्हणाले. सर्वांत जास्त लपवली गेलेली गोष्ट क्लायंटबद्दल नव्हती, ती खुद्द सुपरव्हायजरबद्दलची नाराजी होती. तिथे ही गत, तर ‘सर म्हणतील ते’ म्हणणाऱ्या आपल्या वर्गांत काय असेल याचा अंदाज करावा. विद्यार्थ्याला एकदम सगळं सांगता येत नसेल, तर ‘एक गोष्ट आहे, पण सांगायला संकोच वाटतोय’ एवढं तरी म्हणावं. चांगला सुपरव्हायजर त्यावरून आपली वागणूक तपासतो.

मृणालच्या पानावरची शेवटची ओळ अजून सांगायची राहिली. स्वतःला काय वाटलं, त्या जागी तिने लिहिलं होतं: यांना बघून बाबा आठवतात. तिच्या वडिलांनीही व्हीआरएस घेतली होती. मॅडमनी एवढंच विचारलं, “बाबा आठवतात तेव्हा तू क्लायंटसमोर वेगळं काय करतेस?” ती म्हणाली, “घाईने बरं करायला बघते.” तेवढ्यावर सुपरव्हिजनचं काम झालं. वडिलांबद्दल आणखी बोलायचं असेल, तर त्यासाठी तिने स्वतःचा थेरपिस्ट गाठावा. विद्यार्थ्याच्या घरातल्या गोष्टी उकरत बसणारा सुपरव्हायजर कितीही प्रेमळ असला तरी तो हद्द ओलांडतो, आणि गुण देणाऱ्या माणसाला नाही म्हणणं विद्यार्थ्याला कठीण असतं.

टेपबद्दल दोन गोष्टी पक्क्या हव्यात. रेकॉर्डिंगला क्लायंटची लेखी संमती लागते, ती कधीही मागे घेता येते, आणि नकार दिला म्हणून उपचारात फरक पडता कामा नये. गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. दुसरं, सेशनची फाइल फोनच्या गॅलरीत ठेवायची नाही आणि व्हॉट्सॲपवर पाठवायची तर मुळीच नाही. पासवर्ड लावून ठेवायची, नाव काढून टाकायचं, काम झालं की पुसायची. क्लायंट नको म्हणाले तर सेशन संपल्याबरोबर दहा मिनिटं बसून आठवतील तेवढी वाक्यं, दोघांचीही, लिहून काढावीत. टेपची सर त्याला नाही, पण संध्याकाळी आठवून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा ते कितीतरी बरं.

सुपरव्हिजनमुळे थेरपिस्ट सुधारतो, याचे पुरावे बरे आहेत. क्लायंट त्यामुळे लवकर बरा होतो का, यावरचा अभ्यास मात्र अजून तोकडा आहे, आणि नुसता तास भरून काढणाऱ्या सुपरव्हिजनने काही होईल अशी अपेक्षाही नको. महिनोन्महिने एकही टेप ऐकली जात नसेल, दर वेळी ‘छान चाललंय’ एवढंच ऐकू येत असेल किंवा भेटच वारंवार रद्द होत असेल, तर विद्यार्थ्याने ते विभागप्रमुखांपर्यंत नेलं पाहिजे.

आणि वाचकहो, तुम्ही किंवा घरातलं कोणी थेरपीला जात असेल आणि समोरची व्यक्ती शिकाऊ असेल, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र ती शिकाऊ आहे हे तिने पहिल्याच भेटीत सांगायला हवं. तुम्ही तिला दोन प्रश्न खुशाल विचारा: तुमचे सुपरव्हायजर कोण आहेत आणि त्यांना तुम्ही किती दिवसांनी भेटता? या प्रश्नांचं उत्तर सरळ आणि लगेच आलं पाहिजे. ‘मला त्याची गरज पडत नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरा थेरपिस्ट शोधा.